इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी लो-व्होल्टेज कटऑफ: टीएल431, एलएम393 आणि एक छोटा रिले

प्रश्न: माझ्याकडे जुना 12 व्होल्टचा इन्व्हर्टर आणि 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. दोन-तीन पंखे, ट्यूब, टीव्ही मिळून 300 वॉटच्या आसपास लोड असतो. इन्व्हर्टरचा स्वतःचा कटऑफ बंद पडलाय, त्यामुळे रात्री लाइट गेली की बॅटरी पार बसते. मी 10 व्होल्टचा झेनर आणि ट्रान्झिस्टर लावून रिले चालवून पाहिला, पण कटऑफच्या वेळी रिले टरटर करतो आणि दुपारी वेगळ्या, रात्री वेगळ्या व्होल्टला तुटतो. पक्का सर्किट कसा करायचा? कटऑफ किती व्होल्टला ठेवायचा?

उत्तर:

तुमच्या 300 वॉटच्या लोडला कटऑफ 10.8 व्होल्टला ठेवा आणि पुन्हा जोडणी 12.9 व्होल्टला. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि टरटरीचं मूळ तिथेच आहे, म्हणून आधी बॅटरी कशी वागते ते सांगतो.

300 वॉटला इन्व्हर्टरची कार्यक्षमता 80 टक्के आणि बॅटरीचं व्होल्टेज 11.5 धरलं, तर बॅटरीतून साधारण 33 अँपिअर जातात. बॅटरी उतरत आलेली असताना तिचा अंतर्गत रोध आणि जोडण्यांचा रोध मिळून 10 मिलिओहम धरा. म्हणजे 33 अँपिअरला 0.33 व्होल्ट आतच पडतात. लोड तुटला की हे 0.33 व्होल्ट क्षणात परत येतात. तेवढ्यावर थांबत नाही. प्लेटच्या छिद्रांमधलं आम्ल पातळ झालेलं असतं, बाहेरचं दाट आम्ल हळूहळू आत झिरपतं आणि पुढच्या काही मिनिटांत व्होल्टेज 11.6 ते 11.9 पर्यंत चढतं. बॅटरीत चार्ज तितकाच असतो, फक्त टर्मिनलवरचा आकडा वाढलेला असतो.

तुमच्या सर्किटला तुटण्याचं आणि जोडण्याचं व्होल्टेज जवळपास एकच आहे. रिले सुटला, व्होल्टेज 0.33 ने उडालं, रिले लागला, व्होल्टेज पडलं, रिले सुटला. हीच टरटर. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून 0.4-0.5 व्होल्टचा फरक ठेवतात. टरटर जाते, पण तिच्या जागी दुसरा त्रास येतो: इन्व्हर्टर बंद होतो, पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो, थोडा वेळ चालून पुन्हा बंद. रात्रभर हे चाललं की बॅटरीतला उरलासुरला चार्जही निघून जातो, म्हणजे कटऑफ असून नसल्यासारखा. पूर्ण चार्ज होऊन निवांत पडलेली बॅटरी साधारण 12.7 व्होल्ट दाखवते. जोडणीचा उंबरठा त्याच्याही वर नेला, तर नुसत्या विश्रांतीने बॅटरी तिथे पोचूच शकत नाही. चार्जर सुरू झाला तरच पोचते. म्हणून 12.9.

झेनरचं सर्किट दुपारी आणि रात्री वेगळं का वागतं, तेही पाहू. 10 व्होल्टचा झेनर 5 टक्क्यांचा असला तर तो 9.5 ते 10.5 मधला कुठलाही असू शकतो. शिवाय तो थोड्या करंटला ठामपणे उभा राहत नाही, हळूहळू वाहू लागतो. त्याचं व्होल्टेज तापमानाबरोबर वाढतं, तर ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरचे 0.6 व्होल्ट दर अंशाला 2 मिलिव्होल्टने घटतात. आणि ट्रान्झिस्टर एकदम बंद होत नाही, हळूहळू होतो. मधल्या टप्प्यात रिले अर्धवट धरून थरथरतो आणि ट्रान्झिस्टर तापतो. रेफरन्स, तुलना आणि रिले चालवणं ही तीन कामं एकाच ट्रान्झिस्टरवर टाकली आहेत. ती वेगळी केली की प्रत्येक काम नीट होतं.

रिले कुठे लावायचा

सर्किट बांधण्याआधी हे ठरवा, कारण यात चूक झाली तर बाकीचं सगळं व्यर्थ. बॅटरीच्या जाड केबलमध्ये रिले घालू नका. एक तर चालू लोडच 33 अँपिअर आहे आणि पंखा-मिक्सर सुरू होताना तो काही पटीने उसळतो. दुसरं, इन्व्हर्टरच्या आत डीसी बाजूला मोठे कपॅसिटर असतात. रिले लागताक्षणी ते रिकामे कपॅसिटर शेकडो अँपिअरचा झटका ओढतात आणि कॉन्टॅक्ट चिकटतात. चिकटलेला रिले कधीच सुटत नाही आणि बाहेरून पाहून ते कळतही नाही. तिसरं कारण सगळ्यांत मोठं: घरगुती इन्व्हर्टरमध्ये चार्जिंग त्याच केबलमधून होतं. केबल तोडली की लाइट आल्यावर बॅटरी चार्जच होणार नाही, आणि चार्ज झाल्याशिवाय 12.9 येणार नाही. सगळं कायमचं अडकून बसेल.

त्याऐवजी इन्व्हर्टरच्या पुढच्या पॅनेलवरच्या ऑन-ऑफ स्विचच्या वायरमध्ये रिलेचा कॉन्टॅक्ट मालिकेत घाला. जुन्या इन्व्हर्टरमध्ये हा स्विच बहुधा ऑसिलेटर विभागाला सुरू-बंद करतो, तिथे करंट किरकोळ असतो आणि स्विच बंद असला तरी लाइट असताना चार्जिंग चालू राहतं. तुमच्या मशिनमध्ये तसंच आहे का ते आधी तपासा: स्विच बंद करा, मेन्स चालू ठेवा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. व्होल्टेज 13 च्या वर चढत असेल तर चार्जर चालू आहे. चढत नसेल तर या स्विचला हात लावू नका. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये एसजी3525 आयसी असेल, तर तिचा 10 नंबरचा पिन शटडाउनचा असतो, त्याला हाय दिलं की आउटपुट बंद होतं. मात्र तिथपर्यंत जायला बोर्ड वाचता यायला हवा.

नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट वापरा. म्हणजे बॅटरी ठीक असताना रिले धरलेला, वाईट असताना सुटलेला. वायर तुटली, फ्यूज उडाला, ट्रान्झिस्टर उघडा पडला, तरी रिले सुटतो आणि लोड बंद राहतो. रिलेची कॉइल 30 मिलिअँपिअर खाते, पण ते फक्त बॅटरी ठीक असताना. कटऑफ झाल्यावर, जेव्हा प्रत्येक मिलिअँपिअर मोलाचा असतो, तेव्हा कॉइल बंदच असते.

सर्किट

रेफरन्स टीएल431 चा घ्या. त्याचे रेफ आणि कॅथोड एकत्र जोडले की तो 2.495 व्होल्टचा अचूक झेनर होतो. साध्या ग्रेडचा 2 टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असतो, पण ते प्रीसेटने भरून काढता येतं. महत्त्वाचं हे की एकदा सेट केल्यावर तो तापमानाने फारसा हलत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी आणि पहाटे मिळून काही मिलिव्होल्टचा फरक, म्हणजे बॅटरीच्या बाजूला दोन-तीन शतांश व्होल्ट. त्याला किमान 1 मिलिअँपिअर लागतो. सप्लायपासून 3.3 के लावलात की 10 व्होल्टलाही 2.3 मिलिअँपिअर मिळतात. टीओ-92 पॅकेजमध्ये अ‍ॅनोड मधल्या पायावर असतो आणि बाकीचे दोन पाय आपण जोडतोच आहोत, त्यामुळे उलटसुलट लागायची भीती नाही. त्याच्यावर सवयीने 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावू नका. काही ठरावीक आकारांच्या कपॅसिटरबरोबर टीएल431 स्वतःच ऑसिलेट करू लागतो आणि मीटरवर 2.495 ऐवजी काहीतरी विचित्र आकडा दिसतो.

तुलनेसाठी एलएम393. त्यात दोन कंपॅरेटर असतात आणि आपण दोन्ही वापरणार आहोत. पहिला बॅटरीचं व्होल्टेज रेफरन्सशी ताडतो. दुसरा फक्त हिस्टेरेसिस, म्हणजे 10.8 आणि 12.9 मधलं अंतर, सांभाळतो.

बॅटरीचं व्होल्टेज विभागून पहिल्या कंपॅरेटरच्या पिन 3 ला द्यायचं. वरचा रोध `R1` एकूण 33 के, खालचा `R2` म्हणजे 9.1 के आणि त्याच्या मालिकेत 2 के चा मल्टिटर्न प्रीसेट. पिन 2 ला रेफरन्स. हिशोब असा:

```
Vcut = Vref × (1 + R1/R2)
10.8 = 2.495 × (1 + 33/R2)
R2   = 9.91 k
```

9.1 के स्थिर आणि 0.81 के प्रीसेटमध्ये. प्रीसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तर कटऑफ 11.5 पासून 9.9 व्होल्टपर्यंत सरकतो. पाहिजे तेवढी मोकळीक मिळते आणि कोणी चुकून फिरवला तरी फार लांब जात नाही. रोध 1 टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. कार्बनचे घेऊन मल्टिटर्न प्रीसेट लावण्यात अर्थ नाही.

आता हिस्टेरेसिस. एलएम393 चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं: लो असताना ते जमिनीला धरतं, हाय असताना सोडून देतं, स्वतः व्होल्टेज देत नाही. या गुणाचा फायदा घेऊ. दुसऱ्या कंपॅरेटरच्या आउटपुटला, पिन 7 ला, पुलअप लावायचाच नाही. तिथून फक्त 39 के चा `R3` पिन 3 ला न्यायचा. बॅटरी ठीक असताना पिन 7 मोकळा, `R3` असून नसल्यासारखा, आणि कटऑफचा हिशोब वर दिलेला तसाच राहतो. बॅटरी पडली की पिन 7 लो होतो, `R3` हा `R2` ला समांतर येतो आणि उंबरठा उचलला जातो:

```
R2 || R3 = 9.91 × 39 / (9.91 + 39) = 7.90 k
Von = 2.495 × (1 + 33/7.90) = 12.9
```

नेहमीच्या पद्धतीत एकाच कंपॅरेटरच्या आउटपुटवरून फीडबॅक घेतात. तिथे हाय असतानाचं व्होल्टेज पुलअपवर, म्हणजे बॅटरीवरच, अवलंबून असतं आणि दोन्ही उंबरठे एकमेकांत गुंततात. एक फिरवला की दुसरा हलतो. इथे निदान एका बाजूने तसं होत नाही. आधी कटऑफ प्रीसेटने ठरवा, त्याबरोबर जोडणीचा उंबरठाही सरकतो. 12.9 च्या ऐवजी दुसरं काही हवं असेल तर `R3` बदला, कटऑफ जागचा हलणार नाही.

इथे एक फसवी जागा आहे. दुसऱ्या कंपॅरेटरलाही पहिल्याच्याच दोन इनपुट जोडण्याचा मोह होतो. तसं करू नका. एलएम393 च्या दोन अर्ध्यांचा ऑफसेट सारखा नसतो. प्रत्येकी 5 मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो आणि बॅटरीच्या बाजूला तो चौपटीहून जास्त होऊन दिसतो. पहिला 10.80 ला उलटला आणि दुसरा 10.77 ला उलटणार असला, तर 10.80 ला रिले सुटतो, बॅटरी उसळते आणि दुसऱ्याला कळतच नाही की काही घडलं. `R3` कधी जोडलाच जात नाही, टरटर पुन्हा सुरू. म्हणून दुसऱ्याचं पिन 5 पहिल्याच्या आउटपुटला, पिन 1 ला, जोडा आणि पिन 6 रेफरन्सला. आता दुसरा पहिल्याचं ऐकूनच चालतो.

पिन 1 वरून रिलेही चालवायचा आहे. एलएम393 स्वतः रिले चालवू शकत नाही, तिची हमी जेमतेम 6 मिलिअँपिअर ओढण्याची आहे. पिन 1 पासून सप्लायला 3.3 के चा पुलअप आणि पिन 1 पासून 2.2 के बीसी547 च्या बेसला. बेसपासून जमिनीला 10 के. हाय असताना बेसला सुमारे 1.7 मिलिअँपिअर मिळतात. 400 ओहमच्या साध्या 12 व्होल्टच्या रिलेला 30 मिलिअँपिअर लागतात, त्याच्या मानाने बेस करंट भरपूर आहे, ट्रान्झिस्टर पूर्ण बंद-चालू होतो आणि तापत नाही. त्या वेळी पिन 1 वर साडेचार व्होल्टच्या आसपास असतात, रेफरन्सच्या बऱ्यापैकी वर. हे दोन रोध मनाने बदलू नका. पुलअप 4.7 के आणि बेसला 1 के केलात तर पिन 1 फक्त अडीच व्होल्टच्या आसपास राहील, म्हणजे नेमका रेफरन्सच्या काठावर, आणि दुसरा कंपॅरेटर गोंधळेल.

कॉइलवर 1एन4007 उलटा, कॅथोडची पट्टी पॉझिटिव्हकडे. तो विसरलात तर रिले पहिल्यांदा सुटताना कॉइलमधला झटका ट्रान्झिस्टर मारतो. सरळ लावलात तर रिले लागण्याच्या क्षणी ट्रान्झिस्टर जातो. बीसी547 ची मर्यादा 100 मिलिअँपिअर आहे, म्हणून मोठ्या कॉइलचा रिले यावर लावू नका.

सर्किटच्या सप्लायसाठी आणखी एक 1एन4007 मालिकेत घाला, उलट जोडणीपासून बचाव म्हणून, आणि त्यानंतर 100 मायक्रोफॅरड. पण `R1` मात्र डायोडच्या आधीच्या बाजूला, थेट बॅटरीवर लावा. नाहीतर डायोडचे 0.7 व्होल्ट मोजमापात घुसतात आणि तेही तापमानाबरोबर हलतात.

मिक्सर लावला की कटऑफ होऊ नये म्हणून

कोणी मिक्सर लावला किंवा फ्रीज सुरू झाला की बॅटरी क्षणभर 10.8 च्या खाली जाते. शिवाय 50 हर्ट्झचा इन्व्हर्टर बॅटरीतून करंट सलग ओढत नाही, सेकंदाला शंभर हिसक्यांनी ओढतो. टर्मिनलवर तेवढा तरंग असतो. दोन्हींवर उपाय एकच: एक मोठा कपॅसिटर. पण तो सरळ पिन 3 वर लावला तर `R3` चा परिणामही संथ होतो आणि उंबरठ्यावर कंपॅरेटर क्षणभर थरथरतो. म्हणून `R1` चे दोन भाग करा, बॅटरीकडून 18 के आणि मग 15 के. दोघांच्या मधून जमिनीला 470 मायक्रोफॅरड, 25 व्होल्ट. आता बॅटरीकडून येणारी खबर संथ होते, पण `R3` चा धक्का पिन 3 वर लगेच बसतो.

या जागी दिसणारा रोध साडेदहा के आहे, म्हणून कालस्थिरांक जवळपास 5 सेकंद. बॅटरी 11.4 वर असताना 10.2 पर्यंत आपटली आणि तिथेच राहिली तर कटऑफ साधारण साडेतीन सेकंदांनी होतो. मिक्सर तोपर्यंत वेग धरतो. आपट जितकी खोल, तितका कटऑफ लवकर. 8 व्होल्टपर्यंत गेली तर एका सेकंदात. हा ओव्हरलोडचा बचाव मात्र नाही, त्यासाठी इन्व्हर्टरचा स्वतःचा फ्यूज हवाच.

कपॅसिटर नवा आणि चांगल्या कंपनीचा घ्या, जुन्या बोर्डावरून काढलेला नको. तो थोडा गळत असेल तर गळतीचा करंट 18 के मधून येतो. 10 मायक्रोअँपिअर गळती म्हणजे 0.18 व्होल्टची चूक, आणि तीही उन्हात वाढणारी. कटऑफ वेळेआधी होऊ लागला तर आधी याच्यावर संशय घ्या.

बॅटरीपासून येणाऱ्या वायरी

तुमच्या बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत 10 चौरस मिलिमीटरची दीड-दीड मीटर केबल आहे असं धरू. येऊन-जाऊन 3 मीटर तांब्याचा रोध 5 मिलिओहमच्या वर जातो, म्हणजे 33 अँपिअरला 0.17 व्होल्ट केबलमध्येच. तुम्ही इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरून मोजलंत तर बॅटरी 10.97 वर असतानाच कटऑफ होईल, आणि लोड कमी-जास्त झाला की हा फरकही बदलेल. म्हणून दोन बारीक वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून आणा आणि दोन्हींमध्ये, बॅटरीच्या अगदी जवळ, 1 अँपिअरचा फ्यूज घाला.

दोन्हींमध्ये का, हे नीट लक्षात घ्या. सर्किटचा निगेटिव्ह या बारीक वायरीने बॅटरीला जोडलेला आहे. तो पुन्हा इन्व्हर्टरच्या बोर्डाच्या निगेटिव्हलाही जोडलात, आणि एखाद्या दिवशी बॅटरीच्या जाड निगेटिव्ह केबलचा लग गंजून सैल झाला, तर 33 अँपिअर तुमच्या बारीक वायरीतून वाट काढतात. वायर पेटते. सर्किटचा निगेटिव्ह फक्त बॅटरीला जोडा, इन्व्हर्टरच्या बोर्डाला कुठेही नाही. इन्व्हर्टरकडे फक्त रिलेच्या कॉन्टॅक्टच्या दोन वायरी जाऊ द्यात. रिलेच्या जागी ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट चालेल असं कोणी सुचवेल, पण ही विद्युत फारकत रिलेच देतो आणि मी इथे रिलेच वापरतो.

सेटिंग

टेबलावर बदलता सप्लाय घ्या. 470 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा एक पाय सुटा ठेवा. हे आवश्यक आहे, नाहीतर तुम्ही नॉब फिरवाल तेव्हा सर्किट पाच सेकंद मागे असेल आणि 10.8 ला सेट केलेला कटऑफ प्रत्यक्षात 11 च्या पुढे निघेल. प्रीसेट आधी पूर्ण 2 के वर ठेवा. सप्लाय 13.5 वर न्या, रिले लागेल. मग हळूहळू 10.8 वर आणा आणि रिले जिथे नेमका सुटतो तिथे प्रीसेट थांबवा. आता व्होल्टेज वर न्या; 12.9 च्या आसपास तो लागला पाहिजे, एखाद-दुसरा दशांश इकडे-तिकडे चालेल. मग कपॅसिटर जोडा आणि तीच चाचणी 0.05 च्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर वीस-पंचवीस सेकंद थांबत करा. कटऑफ 0.05 पेक्षा जास्त वर सरकला तर कपॅसिटर गळका आहे, बदला.

सर्किट पहिल्यांदा बॅटरीला जोडाल तेव्हा रिले लागणार नाही आणि तुम्हाला वाटेल काही बिघडलं. बिघडलेलं नसतं. कपॅसिटर रिकामा असल्याने सर्किट कटऑफच्या अवस्थेत उठतं आणि 12.9 ची वाट पाहतं. मेन्स चालू करून चार्जिंग सुरू केलं की लागेल. लाइट नसताना सुरू करायची सोय हवी असेल तर `R3` च्या मालिकेत नॉर्मली क्लोज्ड पुशबटन घाला. ते दाबलं की `R3` सुटतो, उंबरठा क्षणभर 10.8 होतो आणि बॅटरी त्याच्या वर असेल तर रिले लागतो. पण हे बटन पेटीच्या आत ठेवा. बाहेर ठेवलंत तर कटऑफ झाल्यावर अंधारात घरातलं कोणीतरी ते दाबणारच, आणि उसळून 11.8 वर आलेली बॅटरी त्याला दाद देईल. मग पाच-दहा मिनिटं पंखा मिळेल आणि प्लेटवर सल्फेट आणखी बसेल.

कटऑफनंतर हे सर्किट स्वतः 7 मिलिअँपिअर खातं, दिवसाला 0.17 एएच. एक-दोन दिवस लाइट नसली तरी काही नाही. महिनाभर घर बंद ठेवणार असाल तर फ्यूज काढून ठेवा.

10.8 कधी बदलायचा

10.5 व्होल्ट, म्हणजे सेलमागे 1.75, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो बॅटरीची क्षमता मोजण्याच्या चाचणीचा शेवट आहे आणि 150 एएच हा आकडा बहुधा 20 तासांच्या दराने, 7.5 अँपिअरला, दिलेला असतो. त्या करंटला 10.5 म्हणजे बॅटरी पूर्ण रिकामी. रोज तिथपर्यंत नेण्यासाठी तो आकडा नाही. तुमच्या 33 अँपिअरला 10.8 दिसतात तेव्हा 0.33 व्होल्ट आतल्या रोधात पडलेले असतात, म्हणून बॅटरीत अजून काही शिल्लक असते. पण हेच सर्किट घेऊन रात्री एकच पंखा आणि एक एलईडी दिवा चालवलात, 6-7 अँपिअर, तर 10.8 येईपर्यंत बॅटरी तळाला गेलेली असेल. एकच व्होल्टेज दोन्ही लोडला योग्य असू शकत नाही, ही या सर्किटची खरी मर्यादा आहे. बहुतेक रात्री तुमचा लोड हलका असेल तर प्रीसेट 11.3 वर न्या. जड लोडला थोडी लवकर तुटेल, पण बॅटरी वाचेल. असं केलंत तर जोडणीचा उंबरठाही वर सरकून 13.4 च्या आसपास जातो. चार्जर तिथपर्यंत सहज पोचतो, फक्त लाइट आल्यावर थोडा जास्त वेळ लागतो.

नेमकं कुठे ठेवायचं ते हायड्रोमीटर सांगतो. एकदा पूर्ण रात्र कटऑफ होईपर्यंत चालवा, तासभर बॅटरी शांत राहू द्या आणि सहाही सेलचं ग्रॅव्हिटी मोजा. पूर्ण चार्जला 1.240 च्या आसपास असणारी ट्युब्युलर बॅटरी कटऑफनंतर 1.130 च्या खाली गेलेली दिसली तर प्रीसेट 0.2 ने वर घ्या. पाच सेल 1.160 ला आणि एक सेल 1.100 ला दिसला तर गोष्ट वेगळी. त्या सेलचे दिवस भरत आलेत. कटऑफ सर्किटला फक्त सहा सेलची बेरीज दिसते. पाच चांगले सेल बेरीज 10.8 च्या वर धरून ठेवतात आणि तेवढ्या वेळात सहावा सेल उलटा चार्ज होत असतो. अशा बॅटरीला कटऑफ 11.5 वर नेऊन काही महिने ओढता येईल, पण पंखे पूर्वीइतका वेळ चालणार नाहीत आणि त्यावर या सर्किटकडे इलाज नाही. आधी ग्रॅव्हिटी मोजून घ्या, मगच सोल्डरिंगला बसा. बॅटरी गेलेली असेल तर कटऑफचा आकडा ठरवण्यात अर्थ नाही.